सिलेक्शनच्या बाहेर काय उरतं

"जनरेटिव्ह फिलसाठी सिलेक्शन नेमकं किती मोठं घ्यायचं? घट्ट घेतलं तर भलतंच काहीतरी उगवतं, मोठं घेतलं तर आजूबाजूचंही बदलतं."

मी आधी सिलेक्शनच्या बाहेर काय उरलंय ते बघते. फोटोशॉपचं जनरेटिव्ह फिल म्हणजे सिलेक्ट केलेल्या जागी एआय मॉडेलकडून नवं चित्र भरून घेणं, आणि पूर्ण सिलेक्ट केलेला भाग त्या मॉडेलच्या दृष्टीने पुसल्यासारखाच असतो. तिथे काय असायला हवं याचा अंदाज ते भोवतालच्या पिक्सेलवरून बांधतं. म्हणून सिलेक्शन वाढवलं की संदर्भ वाढतो असं नाही. बऱ्याचदा आपण हाताने संदर्भच खोडत असतो.

एक फोटो डोळ्यांसमोर आणा. 6000 × 4000 पिक्सेलचा, उन्हातला. लोखंडी कठड्यापुढे एक माणूस उभा आहे, साधारण 500 पिक्सेल रुंद आणि 1500 उंच. त्याची सावली डावीकडे फरशीवर पडली आहे. माणूस काढायचा आहे.

पहिल्यांदा असा फोटो हातात आला तेव्हा मी ऑब्जेक्ट सिलेक्शनने माणूस अगदी कडेकडेने उचलला आणि प्रॉम्प्ट रिकामा ठेवून जनरेट केलं. त्याच जागी दुसराच कुणीतरी उभा राहिला. पुन्हा केलं, तर खांबासारखं काहीतरी आलं. मला वाटलं टूलच बिघडलंय. पण त्याने जे दिसलं त्यावरून बरोबर निष्कर्ष काढला होता: फरशीवर माणसाची सावली तशीच पडलेली, सिलेक्शनचा आकार माणसाचा, आणि कडेला शर्टाच्या रंगाची दोन-तीन पिक्सेलची किनार उरलेली. इतके पुरावे समोर असताना माणूस परत येणारच.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले आणि आयताकृती सिलेक्शनने फोटोचा जवळजवळ निम्मा भाग घेतला. माणूस गेला, पण कठड्याच्या गजांमधलं अंतर बदललं, फरशीच्या रेषा वाकल्या आणि सगळा भाग मऊ, पुसट दिसू लागला. हा पुसटपणा समजून घेण्यासारखा आहे. मॉडेल ठरावीक आकाराचंच चित्र बनवतं आणि सिलेक्शन त्याहून मोठं असेल तर ते ताणून बसवलं जातं. 2023 मध्ये आलेल्या ॲडोबीच्या सुरुवातीच्या फायरफ्लाय मॉडेलमध्ये ही मर्यादा लांब बाजूला 1024 पिक्सेल होती. पुढच्या मॉडेलांमध्ये ती वाढली, पण ताणण्याचा नियम तोच. 3000 पिक्सेलच्या भागाला 1024 चं चित्र चिकटवलं, तर मूळ फोटोचा बारीक दाणा त्यात कुठून येणार?

आता मी असं करते. माणूस सिलेक्ट झाला की Select > Modify > Expand मध्ये 25 ते 30 पिक्सेल देते, म्हणजे किनार शिल्लक राहत नाही. मग लॅसो घेऊन, शिफ्ट दाबून, पायापासून टोकापर्यंत पूर्ण सावली सिलेक्शनमध्ये जोडते. सावलीची मऊ कडसुद्धा, कारण ती पटकन नजरेतून सुटते. ओल्या किंवा गुळगुळीत जमिनीवर प्रतिबिंब असेल तर तेही.

त्यानंतर थांबून बाहेर बघते. माणसाच्या दोन्ही बाजूंना कठड्याचे निदान दोन-तीन गज पूर्ण दिसायला हवेत. दोन गज दिसले की अंतर कळतं, तिसरा दिसला की ते अंतर सारखंच आहे हे कळतं. फरशीचंही तसंच: सांध्याची रेषा सिलेक्शनच्या दोन्ही बाजूंना दिसली, तर मधला तुकडा सरळ जोडला जातो. रेषा एकाच बाजूने आत शिरत असेल तर दुसरं टोक कुठे न्यायचं हे मॉडेल मनानेच ठरवतं. आखीवरेखीव पार्श्वभूमी असली की माझं माप हेच. आकाश, गवत, वाळू यांना एवढं जपावं लागत नाही.

1500 पिक्सेलची उंची एकदम भरली तर पुन्हा पुसटपणा येतो, म्हणून मॉडेल 1024 वालं असेल तर मी काम दोन तुकड्यांत करते. आधी पाय, सावली आणि फरशी, नंतर धड आणि कठडा. क्रम मुद्दाम असा, कारण सावली आधी गेली की वरच्या तुकड्याला खाली माणसाची खूण सापडत नाही. तरी पहिल्या खेपेला वर अर्धा माणूस शिल्लक असतो, त्यामुळे कधीकधी पाय परत उगवतात. तसं झालं तर प्रॉम्प्टमध्ये वाद घालत बसत नाही. उरलेल्या धडावर आसपासचा रंग ब्रशने ओबडधोबड फासते आणि मग पुन्हा जनरेट करते. दुसरा तुकडा पहिल्यावर 50 एक पिक्सेल चढवून घेते, नाहीतर मधे आडवी शिवण दिसते.

शेवटी 100 टक्के झूमवर तीन जागा तपासते: गज जिथे नव्याजुन्याला मिळतात ती, फरशीचा सांधा, आणि सावलीचं टोक जिथे होतं ती. तिथे थोडासाही काळपटपणा उरला असेल, तर तेवढ्याच जागेभोवती छोटं सिलेक्शन करून एकदा फिल चालवते.