थेंब घालण्याआधी कोन बघा

मंगळवार, रात्री

लालबागच्या ६४ वर्षांच्या एका काकूंसाठी आज डोळ्यांच्या सर्जनना पत्र लिहिलं. तक्रार साधी होती: उजव्या डोळ्याने टीव्हीवरची अक्षरं दिसत नाहीत. गेल्या वर्षी त्या डोळ्याला चष्म्यासकट ६/९ दिसत होतं, आज नवा नंबर लावूनही ६/२४. बारीक भोकातून बघायला सांगितलं तरी ओळ पुढे सरकली नाही, म्हणजे चूक नंबराची नाही. नंबर मात्र +३.०० वरून +१.५० वर आला आहे. भिंगाचा गाभा पिकून घट्ट होऊ लागला की नंबर असाच उणेकडे सरकतो. स्लिट लॅम्पखाली मोतीबिंदू दिसलाच.

डोळ्यातला दाब हवेच्या झोताने मोजणाऱ्या यंत्रावर तीन-तीन वाचनं घेतली. सरासरी उजवीकडे २७, डावीकडे १९. या यंत्रावर रुग्ण दचकून डोळा आवळतो आणि आकडा फुगतो, म्हणून डोळ्याला टेकवून दाब मोजणाऱ्या गोल्डमन यंत्राने पुन्हा मोजलं: २८ आणि १९. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची, कॉर्नियाची, जाडी ५४० मायक्रॉन, म्हणजे जाड कॉर्नियामुळे आकडा वाढला असं म्हणायला जागा नाही. पत्रात प्रत्येक आकड्यापुढे यंत्राचं नाव आणि वेळ लिहिली, संध्याकाळी ६.४०. दाब दिवसभरात वरखाली होतो. सर्जनना सकाळी २१ मिळाले तर पत्रातला २८ चुकीचा ठरत नाही, पण वेळ लिहिलेली नसेल तर तसं वाटू शकतं.

पत्रात सगळ्यात जपून लिहायला हवी होती ती गोष्ट मात्र पुढची आहे. नजर कमी आणि दाब जास्त एवढंच लिहिलं, तर वाचणारा दोन्ही एकाच कारणाला जोडून मोकळा होतो. काचबिंदू मधली नजर बहुधा अगदी शेवटी खातो. आधी जाते ती कडेची. काकूंची अक्षरं पुसट झाली ती मुख्यतः मोतीबिंदूने. दाबाची गोष्ट वेगळी, आणि तिचा धागा भिंगाच्या जाडीशी असावा. प्लस नंबरचा डोळा मुळात आखूड, त्यात वयाने भिंग फुगत जातं आणि रंगीत पडद्याला मागून पुढे ढकलतं. मग आतलं पाणी ज्या कोनातून बाहेर जातं तो अरुंद होतो.

तो अंदाज घ्यायला प्रकाशाची बारीक फीत ६० अंशांवरून कॉर्नियाच्या कडेशी पाडली. कॉर्निया आणि पडद्यामधली काळी फट कॉर्नियाच्या जाडीच्या पाव भागाहूनही कमी होती, दोन्ही डोळ्यांत. काकूंना विचारलं, "रात्री दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का?" म्हणाल्या, "दिसतात की. अंधारात बसलं की कपाळही दुखतं, मग झोपून घेते." अंधारात बाहुली अर्धवट मोठी होते आणि अरुंद कोन आणखी आवळतो, तर झोपेत ती आकसते. हे त्यांच्याच शब्दांत पत्रात घेतलं.

म्हणूनच बाहुली मोठी करणारे थेंब आज घातले नाहीत. डोळ्यामागच्या नसेचं तोंड लहान बाहुलीतूनच पाहिलं: उजवीकडे खळगा तोंडाच्या रुंदीच्या ०.६, खालची कड पातळ; डावीकडे ०.४. "थेंब न घालता पाहिलं, मोतीबिंदूमुळे दृश्य धूसर" हेही आकड्यांना लागूनच लिहिलं, नाहीतर ०.६ हा पक्का आकडा समजला जातो.

खरी धास्ती सर्जनची नाही, ओपीडीतल्या गर्दीची आहे. मोतीबिंदूचा रुग्ण म्हटलं की डॉक्टर बघायच्या आधीच बाकावर बसवून थेंब घालण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. या डोळ्यांत त्याने कोन अचानक मिटून दाब एकदम चढू शकतो. म्हणून पत्राची पहिलीच ओळ, नाव-वयाच्याही वर: "दोन्ही डोळ्यांचा कोन अरुंद वाटतो. गोनिओस्कोपी होईपर्यंत कृपया बाहुली मोठी करणारे थेंब घालू नयेत." हीच ओळ पाकिटावर लाल शाईने मराठीत लिहिली आणि काकूंच्या सुनेकडून वाचून घेतली. पाकीट फोडायच्या आधी ते सिस्टरच्याच हातात पडतं.

निदानाच्या जागी "कोन बंद होत असल्याचा संशय" इतकंच लिहिलं. कोन खरंच किती मिटलाय हे गोनिओस्कोपीच्या आरशाच्या भिंगातूनच कळतं. लेझरने पडद्याला छिद्र पाडायचं की मोतीबिंदू काढून कोनाला जागा करून द्यायची, हा निर्णय सर्जनचा.

डोळा लाल नाही, कॉर्निया स्वच्छ, आत्ता दुखत नाही, म्हणून आठवड्याच्या आत भेट असं लिहून शुक्रवारची वेळ फोनवर घेतली. सुनेला वेगळं सांगितलं: डोळा लाल होऊन जोरात दुखू लागला, नजर धुरकटली किंवा उलट्या झाल्या, तर पित्त समजून घरी थांबू नका, त्याच तासाला इमर्जन्सीत न्या आणि हे पाकीट बरोबर ठेवा. पावसाचे दिवस आहेत, घराघरांत सर्दी आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनीही बाहुली थोडी मोठी होते, तेव्हा शुक्रवारपर्यंत केमिस्टकडून परस्पर गोळी घ्यायची नाही, हेही त्याच चिठ्ठीत लिहून दिलं.