आमची वाटचाल: दोन पानी रेझ्युमे आणि १८ मिलिमीटर

जळगावात आमची इंटिरिअरची फर्म सुरू झाली ती मला नाशिकला नोकरी मिळाली नाही म्हणून. २०१३ मध्ये एका आर्किटेक्टकडे मुलाखतीला गेले होते. रेझ्युमे दोन पानी, रंगीत. अर्धं पान सॉफ्टवेअरची नावं आणि पुढे तारे. खाली ठळक अक्षरांत: 'कपड्यांचं शोरूम, भुसावळ, १,९०० चौ. फूट, २८ लाख.'

सरांनी एकच विचारलं, "यातलं तुझं काय?"

माझं म्हणजे कॅश काउंटर आणि ट्रायल रूम. १,९०० हा बिल्टअप आकडा होता, जिना आणि भिंतींसकट. २८ लाखांत मालकाने परस्पर घेतलेले एसी, पाटी, पुतळे आणि जीएसटीच्या जागी तेव्हा असलेले करही होते. सरांनी चहा पाजला आणि कागद परत दिला.

परतीच्या बसमध्ये मागच्या कोऱ्या बाजूवर तीच नोंद पुन्हा लिहिली: 'कपड्यांचं शोरूम, भुसावळ. कार्पेट १,४५० चौ. फूट, त्यातला काउंटर व ट्रायल रूमचा १८० फूट भाग माझ्याकडे. इंटिरिअरचं काम १८ लाख, कर व एसी वगळून. माझ्या भागाचं बिल पावणेतीन लाख. साइटवर आठवड्यातून तीन दिवस. सुताराचं मोजमाप आणि बिल तपासणं माझ्याकडे.'

आकडे लहान झाले, पण आता वाचणाऱ्याला भागाकार करता येतो. १८ लाख भागिले १,४५०, म्हणजे फुटाला साधारण १,२४०. माझ्या भागाचा दर दीड हजाराच्या वर, कारण काउंटरमध्ये ड्रॉवर, काच, लाइट सगळं दाटलेलं. या धंद्यातल्या माणसाला एवढ्यावरून कामाचा दर्जा कळतो. आणि चौरस फूट बिल्टअप, खर्च मात्र फक्त सुतारकामाचा, अशी मिसळ केली असेल तर तीही लगेच कळते.

तोच कागद पुढे आमच्या फर्मचा प्रोफाइल झाला. पहिलं काम घराचं, मग दोन दवाखाने. एक पथ्य मात्र इथे शिकले. सराफाचं दुकान केलं तर प्रकार, क्षेत्रफळ, खर्च लिहायचा. तिजोरीची खोली दिसेल असा प्लॅन कुणालाच दाखवायचा नाही.

'साइट सुपरव्हिजन केलं' या शब्दांवरचा माझा विश्वास २०१६ च्या मे महिन्यात उडाला. धुळ्यातला ६२० फुटांचा दवाखाना. पीओपीवाल्याला गावी लग्नाला जायचं होतं, म्हणून सीलिंग घाईने बंद केलं. एसीवाल्याने ड्रेन पाइप टाकला होता, मीही पाहिला होता. पाणी ओतून मात्र कुणी पाहिलं नाही. आपल्याकडच्या उन्हात एसी दिवसभर चालतो. आठ दिवसांत जिप्समवर पिवळा डाग पडला. बोर्ड कापला तर दोन हँगरच्या मधे पाइप झोळ पडून लोंबत होता आणि त्यात पाणी साचलेलं. दुरुस्तीचे २२ हजार आमच्या फीमधून गेले.

तेव्हापासून आमच्याकडे सीलिंग बंद होण्याआधी प्रत्येक इनडोअर युनिटच्या ड्रेनमध्ये बादलीभर पाणी ओततात आणि दुसऱ्या टोकाला तेवढं बाहेर पडतंय का पाहतात. वायरिंगचे फोटो काढतात. एसीवाला आणि इलेक्ट्रिशियन दोघांची सही झाल्यावरच पीओपीवाला शिडीवर चढतो. प्रोफाइलमध्ये 'सुपरव्हिजन' हा शब्द काढून हेच लिहिलं, २२ हजारांसकट. भावाला ते आवडलं नव्हतं. "आपलीच चूक छापतेस का ताई?" तीच ओळ वाचून दोन गिऱ्हाइकं आली, आता तोच ती वाचून दाखवतो.

आता रेझ्युमे माझ्याकडे येतात. 'बारा व्हेंडर्सशी समन्वय' लिहिणाऱ्या एका मुलाला विचारलं, मॉड्युलर किचनवाला माप केव्हा घेतो? म्हणाला, "ऑर्डर देताना." त्याला थँक यू म्हटलं.

अमळनेरच्या एका मुलीचा रेझ्युमे एक पानी होता. कामं तीनच, सगळी घरांची, सगळ्यात मोठं ८४० फूट कार्पेट. एका कामापुढे लिहिलं होतं: 'बजेट ९ लाख, शेवटचं बिल साडेनऊ; वाढ मालकांनी नंतर सांगितलेल्या लॉफ्टमुळे. किचनचं माप टाइल्स लागल्यावर पुन्हा घेतलं, रुंदीत १८ मिमी फरक आला, कॅबिनेट कापायच्या आधी कारखान्याला कळवलं.'

दोन बाजूंच्या भिंतींवर टाइल आणि टाइलखाली मसाला चढला की १८ मिलिमीटर जातातच. कारखान्यातून तयार आलेलं कॅबिनेट साइटवर रंधा मारून बसत नाही. ते परत जातं, आणि तीन आठवडे ओट्याखाली भगदाड राहतं. मी तिला फक्त एवढंच विचारलं, फरक सापडला कसा? म्हणाली, "मॅडम, मी माप तीन ठिकाणी घेते. खाली, ओट्याच्या उंचीला आणि वर. भिंत कधीच सरळ नसते."

सोमवारपासून ये म्हटलं. ती आली तेव्हा पर्समध्ये स्वतःची पाच मीटरची टेप होती, टोकाचा हूक झिजलेला.