एका सेमिनारसाठी चार रात्री: हिमोग्लोबिनचा एस वक्र

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला सेमिनारचा विषय आला तो रक्तातून ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आणि स्नायूत तो धरून ठेवणारं मायोग्लोबिन. पुस्तकातला एस आकाराचा वक्र बारावीपासून डोळ्यांखालून गेलेला, त्यामुळे वाटलं एका रात्रीत उरकेल. सर म्हणाले, "चित्र छापून आणू नकोस. आकडे स्वतः काढ."

मी अमळनेरला घरी आलो आणि वही घेऊन बसलो. सूत्र हिलचं:

Y = p^n / (P50^n + p^n)

Y म्हणजे किती जागा ऑक्सिजनने भरल्या, p ऑक्सिजनचा दाब, आणि P50 म्हणजे निम्म्या जागा भरतात तो दाब. हिमोग्लोबिनचा P50 सुमारे 26 टॉर, मायोग्लोबिनचा जेमतेम 2.8. हिमोग्लोबिनला चार साखळ्या, प्रत्येकीत ऑक्सिजन धरणारं एक हीम, म्हणून मी n सरळ 4 धरला. इथेच फसलो. 40 टॉरला, म्हणजे शिरांमधून परतणाऱ्या रक्तातल्या दाबाला, उत्तर आलं 85 टक्के. पुस्तकात 75 च्या आसपास. एक पूर्ण रात्र मी बेरजा तपासण्यात घालवली.

चूक बेरजेत नव्हती. n म्हणजे जागांची संख्या नव्हे, साखळ्या एकमेकींना किती मदत करतात याचं ते माप. पहिला ऑक्सिजन बसताच उरलेले तिन्ही त्याच क्षणी बसले असते, तरच n चार झाला असता. प्रत्यक्षात साखळ्या एकमेकींना मदत करतात, पण इतकी नाही. म्हणून n साधारण 2.8 येतो. मायोग्लोबिनला साखळी एकच, मदत करायला शेजारीणच नाही, म्हणून तिथे n एक.

आता फुप्फुसात 100 टॉर आणि राबणाऱ्या स्नायूत 20 टॉर धरून आकडे काढले. रक्तात हिमोग्लोबिनच्या जागी मायोग्लोबिन असतं, तर ते फुप्फुसात 97 टक्के भरलं असतं आणि स्नायूत पोचूनही 88 टक्के भरलेलंच राहिलं असतं. हिमोग्लोबिन 98 वरून 32 वर येतं, म्हणजे सुमारे 65 टक्के जागा रिकाम्या करतं.

मामा केळीची गाडी चालवतात, त्या रात्री जेवायला आले होते. वहीतला मायोग्लोबिनचा रकाना मी वाचून दाखवला, तर म्हणाले, "भरेल गाडी खालीच नई व्हयनी तर काय कामनी?" सेमिनारचं पहिलं वाक्य मला तिथेच मिळालं.

पण मनात शंका राहिली. हा फरक नुसत्या P50 चा असेल तर? म्हणून मी एक काल्पनिक प्रथिन घेतलं. P50 हिमोग्लोबिनचाच, 26, पण n एक. ते फुप्फुसात 79 टक्केच भरतं, स्नायूत 43 वर उतरतं. माल उतरला 36 टक्के. म्हणजे 36 आणि 65 यांतलं अंतर ही सहकार्याची कमाई. (सूत्राची मर्यादाही इथेच सांगतो: अगदी कमी आणि अगदी जास्त दाबाला ते चुकतं, कारण दोन्ही टोकांना खरा उतार एककडे झुकतो. मधल्या पट्ट्यात मात्र ते चांगलं चालतं.)

तिसऱ्या रात्री यामागचं कारण वाचलं. ऑक्सिजन नसताना लोह हीमच्या सपाटीतून थोडं बाहेर असतं. ऑक्सिजन बसला की ते आत सरकतं, सोबत हिस्टिडीनला ओढतं, आणि तो हिसका साखळ्यांच्या सांध्यापर्यंत पोचतो. ऑक्सिजनवर पकड कमी असलेल्या ताठ टी अवस्थेतून रेणू पकड घट्ट असलेल्या सैल आर अवस्थेत जातो. टी अवस्थेत दोन बीटा साखळ्यांच्या मधे एक पोकळी असते. तिथे 2,3-बीपीजी हा ऋणभारित रेणू अडकतो आणि टी अवस्था टिकवून धरतो. तो ऑक्सिजनच्या जागेवर बसतच नाही, लांबूनच पकड सैल करतो. अ‍ॅलोस्टेरिक म्हणतात ते हेच.

बीपीजी काढून टाकला तर P50 सुमारे 12 वर येतो. n तोच धरून पुन्हा गणित केलं. फुप्फुसात जवळजवळ शंभर टक्के, स्नायूत 81. उतरले फक्त 19 टक्के! हिमोग्लोबिन मायोग्लोबिनसारखं वागायला लागलं. रक्तपेढीतल्या साठवलेल्या रक्तात बीपीजी पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक संपतो, ती चिंता का असते हे मला त्या 19 वरून कळलं. रक्त चढवल्यावर तांबड्या पेशी तो पुन्हा तयार करतात, पण तासाभरात नाही.

सेमिनारला सरांनी एकच प्रश्न विचारला. "मग मायोग्लोबिन बिनकामाचं?" उत्तर माझ्या वहीच्या शेवटच्या ओळीत होतं, चौथ्या रात्री काढलेलं. जोरात राबणाऱ्या स्नायूपेशीच्या आत दाब तीन टॉरच्या आसपास उतरतो. तिथे मायोग्लोबिन 52 टक्क्यांवर येतं, म्हणजे निम्मा साठा सोडतं. 20 टॉरला हिमोग्लोबिनने टाकलेला माल उचलून ते पेशीच्या आतपर्यंत पोचवतं. फक्त त्याची गाडी खाली व्हायची जागा वेगळी आहे.