ब्लॉकच्या रविवारी घाटकोपरहून कर्जत: तीन नंबरची गाडी एकवर येते तेव्हा

घाटकोपरला मध्य रेल्वेचे चार प्लॅटफॉर्म आहेत. एकवर कल्याणकडची धीमी, दोनवर सीएसएमटीची धीमी, तीनवर कल्याणकडची जलद आणि चारवर सीएसएमटीची जलद. त्यामुळे कर्जतला जाणारा माणूस सवयीने तीनवर जाऊन उभा राहतो. माटुंगा-मुलुंड जलद मार्गावर मेगाब्लॉक असला की हीच सवय गाडी चुकवते. डाऊन जलद गाड्या माटुंग्याला धीम्या मार्गावर वळवतात, त्या शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड असे थांबे घेत जातात. म्हणजे कर्जतची गाडी घाटकोपरला एकवर लागते आणि साधारण पंधरा मिनिटं उशिरा.

ब्लॉकची सूचना वाचताना एक गफलत हमखास होते. सूचनेत वळवलेल्या गाड्यांच्या वेळा असतात त्या सीएसएमटीहून सुटण्याच्या. ब्लॉक 11.05 ला सुरू होणार असेल तरी त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी सीएसएमटीहून निघालेल्या गाड्याही वळवलेल्या असतात. जलद लोकलला घाटकोपरपर्यंत साधारण पंचवीस ते तीस मिनिटं लागतात, तेवढी त्या वेळेत मिळवा आणि मग ठरवा. दादरहून चढणाऱ्यांना ही अडचण नाही. गाडी माटुंग्याला वळते, म्हणून दादरला ती नेहमीच्या जलद प्लॅटफॉर्मवरच येते.

आता इंडिकेटर. समजा तीनवर ‘कर्जत 11:42 F’ दिसतंय. ही 11.42 म्हणजे वेळापत्रकातली वेळ, गाडी प्रत्यक्षात येण्याची नव्हे. बाजूला उरलेली मिनिटं येतात, खरं लक्ष तिकडे हवं. आकडा 6 वरून 5, 4 असा उतरत असेल तर गाडी येतेय. चार-पाच मिनिटं तोच आकडा राहिला तर गाडी कुठेतरी अडकली आहे. आणि कर्जतचं नाव पाटीवरून जाऊन तिथे दुसरीच गाडी लागली, किंवा पाटी कोरी झाली, तर लगेच एकची पाटी बघा. तिथे F शोधत बसू नका, वळवलेली गाडी जादा थांबे घेते. शेवटचं स्टेशन आणि वेळ, या दोन गोष्टी जुळल्या की गाडी तीच. पाटीवरची नावं मराठी, हिंदी, इंग्रजी अशी आलटून पालटून येतात, त्यामुळे एका नजरेत ‘कर्जत’ दिसलं नाही तर दोन क्षण थांबून पुन्हा बघा.

बदल अगदी ऐनवेळी झाला तर पाटीच्या आधी तो कानावर येतो. नेहमीची घोषणा रेकॉर्ड केलेली, एका लयीतली असते. ऐनवेळचा बदल बऱ्याचदा माइकवर माणूस सांगतो, आवाज घाईचा आणि मध्येच सुरू झालेला असतो. तो ऐकू आला की बोलणं थांबवा, इअरफोन काढा. मराठीत ‘फलाट क्रमांक तीन ऐवजी फलाट क्रमांक एक वर येईल’ असं येतं. ‘ऐवजी’च्या आधीचा आकडा सोडून द्यायचा, नंतरचा धरायचा. हिंदीतही क्रम हाच, ‘के बजाय’च्या नंतरचा आकडा खरा. इंग्रजीत मात्र क्रम उलटा होतो: ‘प्लॅटफॉर्म नंबर वन इन्स्टेड ऑफ प्लॅटफॉर्म नंबर थ्री’. तिथे पहिला आकडा खरा. गर्दीत अर्धवट ऐकणारे बहुतेक लोक शेवटचा आकडा धरतात, आणि इंग्रजी घोषणा शेवटी येते. मग एकवर पोहोचलेला माणूस पुन्हा तीनकडे धावतो. खात्री नसेल तर फक्त मराठी घोषणेवर विश्वास ठेवा.

तीनवरून एकवर जायला पूल चढून उतरावाच लागतो. रविवारी पाठीवर सॅक, सोबत मुलं असली की गर्दीत तीन-चार मिनिटं सहज जातात, आणि लोकल स्टेशनात जेमतेम अर्धा मिनिट थांबते. म्हणून ब्लॉकच्या वेळेत खाली उतरूच नका. पुलावर, एक आणि तीन दोन्हीकडे जिने उतरतात अशा जागी थांबा आणि गाडी कुठे येणार हे पक्कं झाल्यावरच उतरा. रुळांवर उडी मारून जाणं जिवावरचं आहे, शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा.

गाडी लागल्यावर समोरची, मोटरमनच्या केबिनवरची पाटी वाचून घ्या: कर्जतसाठी S, कसाऱ्यासाठी N. कल्याणला हे दोन मार्ग वेगळे होतात. हा S म्हणजे ‘स्लो’ नव्हे.

ठाण्यापुढे जाणाऱ्या गाड्या मुलुंडला परत जलद मार्गावर येतात, त्यामुळे ठाण्याला कुणी भेटणार असेल तर त्याला नेहमीच्या जलद प्लॅटफॉर्मवरच उभं राहायला सांगा. परतीची गाडी दुपारी ब्लॉक संपायच्या आत असेल आणि ब्लॉक अप मार्गावरही असेल, तर घाटकोपरला ती चारऐवजी दोनवर लागेल. घ्यायला येणाऱ्याला हे आधीच कळवून ठेवा.