योकोहामा ते सॅन फ्रान्सिस्को: जवळच्या वाटेनं गेलो आणि उशिरा पोचलो

निकाल आधीच सांगतो, मग ज्याला वाचायचं त्यानं पुढं वाचा. जानेवारी-फेब्रुवारीत जपानहून कॅलिफोर्नियाला रिकामं जहाज घेऊन जात असाल तर पूर्ण ग्रेट सर्कल धरू नका. ४२ उत्तरच्या आसपास थांबा आणि तिथनं सरळ पूर्वेला जा. अंतर वाढतं ते ५८ मैल, आणि वाचतं काय ते खाली लिहिलंय.

हे आपल्या निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडच्या पोरांसाठी आहे, जी डीएनएस करून पहिल्यांदा बोटीवर चढणार आहेत किंवा सेकंड मेटच्या परीक्षेला बसणार आहेत. थर्मल, बूट, उलटीच्या गोळ्या हे मी सांगत बसणार नाही, तेवढं कळत नसेल तर आधी घरीच थांबा. मी डेकवर आहे आणि ह्या पॅसेजचं प्लॅनिंग सेकंड साबबरोबर बसून केलेलं आहे. क्लासवाल्यानं (नाव घेत नाही, फी मात्र अजून आठवते) एवढंच शिकवलं होतं की ग्रेट सर्कल म्हणजे सगळ्यात कमी अंतर, ऱ्हम्ब लाइन म्हणजे एकच कोर्स, फॉर्म्युला पाठ करा आणि सुटा. कमी अंतर म्हणजे कमी वेळ नव्हे हे मर्दा एकानं तोंडातनं काढलं नाही.

आमचं जहाज बल्क कॅरिअर, पोटात फक्त बॅलास्टचं पाणी, सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये पेटकोक भरायला चाललेलं. हिशोबाला गोल आकडे घेऊ: निघायचं ३५ उत्तर १४० पूर्व, पोचायचं ३८ उत्तर १२३ पश्चिम. (हे दोन्ही बिंदू किनाऱ्यालाच चिकटलेत, चार्टवर असेच टाकाल तर जमिनीवर जाल, खरे वेपॉइंट बाहेर समुद्रात घ्या.) मधलं रेखांशाचं अंतर ९७ अंश. इथं पोरं हमखास आपटतात, कारण १८० ओलांडायचं असतं आणि ते १४० अधिक १२३ करून २६३ लिहितात. ते ३६० मधनं वजा करायचं असतं. मग:

```
cos d = sin35·sin38 + cos35·cos38·cos97
d = 74.07°  →  74.07 × 60 = 4444
```

cos97 उणे येतो ते विसरू नका. ४४४४ सागरी मैल हे ग्रेट सर्कल. ऱ्हम्ब लाइन काढली तर ४६८० येतात, कोर्स जवळपास ०८८, म्हणजे तसं बघितलं तर नाकासमोर पूर्व. फरक २३६ मैल. १३ नॉटनं चाललं तर १८ तास. कंपनीला हे १८ तास दिसतात, बाकी काही दिसत नाही.

सुट्टीला आल्यावर काकांनी भिंतीवरचा जगाचा नकाशा बघून विचारलं, "एवढं वर चढून खाली कशाला आलात रे, डिझेल फुकट हाय काय?" प्रश्न बरोबर आहे. त्या नकाशावर सरळ रेघ खालनं जाते आणि आमची वाट कमानीसारखी वर फुगलेली दिसते, कुणालाही वाटणार की कमान लांब.

खोटं कमानीत नाही, कागदात आहे. सगळी रेखावृत्तं ध्रुवावर एकत्र येतात, म्हणजे जसजसं वर जाल तसतसं दोन रेखावृत्तांमधलं अंतर कमी होत जातं. ३६ अक्षांशावर एक अंश रेखांश ओलांडायला ४८.५ मैल जावं लागतं, ४८ वर ४० मैलांतच काम होतं. तुम्हाला ९७ अंश ओलांडायचेत. वर चढायला-उतरायला थोडं अंतर खर्च होतं, पण वर प्रत्येक अंशामागं आठ मैल वाचतात, आणि बेरीज केली की फायदा. मर्केटरनं १५६९ साली जो नकाशा काढला त्यात ही रेखावृत्तं मुद्दाम एकमेकांना समांतर ठेवलीत, का तर एकच कंपास कोर्स धरून गेलं की कागदावर सरळ रेघ यावी. त्याची किंमत म्हणून वरचा भाग ताणावा लागतो, विषुववृत्ताच्या तुलनेत ३६ वर साधारण सव्वापट, ४८ वर दीडपट. म्हणून वरची वाट कागदावर लांब दिसते. विश्वास बसत नसेल तर शाळेतला पृथ्वीगोल घ्या, टोकियो आणि सॅन फ्रान्सिस्कोवर दोरा ताणून धरा, दोरा आपोआप अल्यूशियन बेटांकडं सरकतो. काकांना तसंच दाखवलं, तवा पटलं.

अजून एक, जे मला व्हीलवर उभं राहिल्यावरच नीट समजलं. ग्रेट सर्कलवर कोर्स सुरुवातीला ०५४ असतो आणि शेवटी १२२. आकडा सारखा बदलतो, त्यामुळं वाटतं जहाज उजवीकडं वळत चाललंय. प्रत्यक्षात जहाज पृथ्वीच्या पाठीवर सरळच जातं, बदलते ती उत्तर दिशा, कारण प्रत्येक रेखावृत्त वेगळ्या कोनात भेटतं. उलट ०८८ धरून जाणारंच खरं बारीक बारीक डावीकडं वळत असतं.

चालवताना सतत आकडा बदलत बसत नाही कुणी. दर १० अंश रेखांशावर एक वेपॉइंट टाकायचा आणि मधे ऱ्हम्ब लाइनचे तुकडे जोडायचे, नुकसान नगण्य. १५० पूर्वेला ४०°०४′, १६० ला ४३°४४′, १८० ला ४७°४०′, आणि सगळ्यात वरचा बिंदू, व्हर्टेक्स, ४८°१३′ उत्तर, १६८°४४′ पश्चिम. १८० वर ऱ्हम्ब लाइन ३६°१५′ वर असते, म्हणजे दोन वाटांमधे तिथं जवळपास ६८५ मैलांचं अंतर पडतं. ह्या ६८५ मैलांत हवामान पूर्ण वेगळं असतं, मुद्दा हा आहे.

आता ती वाईट पट्टी. डेटलाइन ते १६५ पश्चिम. हिवाळ्यात लो प्रेशर जपानकडनं उठतात आणि ईशान्येला अल्यूशियन, अलास्काच्या आखाताकडं पळतात, जहाजापेक्षा जोरात, त्यामुळं मागनं येऊन गाठतात. उत्तर गोलार्धात लोभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो. लोच्या दक्षिणेला असाल तर पश्चिमेचा वारा, पाठीमागनं येतो, जहाज लोळतं पण पुढं जातं. उत्तरेला सापडलात तर पूर्वेचा वारा, थेट थोबाडावर. ४७-४८ वर गेलं की लो तुमच्या खालनं जायचा चान्स वाढतो, आणि आमच्या खालनंच गेला.

रिकाम्या बल्क कॅरिअरला समोरचा समुद्र म्हणजे शिक्षा. पुढचा भाग उचलला जातो आणि तळ पाण्यावर आपटतो, अख्खं जहाज मिनिटभर थरथरतं. मागं प्रोपेलर पाण्याबाहेर येऊन रिकामा फिरतो, इंजिन ओव्हरस्पीडला जाऊन ट्रिप होऊ नये म्हणून आरपीएम उतरवावे लागतात, मग स्पीड पडतो. झोप नाही, गॅलीत फक्त खिचडी, तीपण अर्धी ट्रेबाहेर. ह्यात कुणाला थ्रिल वाटत असेल त्यानं खुशाल जावं. साधा हिशोब करा: १३ ऐवजी ६ नॉटनं ३६ तास गेलात तर २५२ मैल मागं पडलात. ग्रेट सर्कलनं वाचवले होते २३६. बेळगावहून गोव्याला चोर्ला घाट जवळ म्हणून भर पावसात खड्ड्यांत शिरायचं आणि खानापूर-अनमोडवाल्याच्या नंतर पोचायचं, तसलाच प्रकार.

कुठल्या बाजूला सापडलोय हे बॅरोमीटर आणि वाऱ्यावरनं कळतं. प्रेशर पडतंय आणि वारा आग्नेयेकडनं पूर्वेला, मग ईशान्येला, म्हणजे डावीकडं सरकत गेला तर लो तुमच्या दक्षिणेनं जाणार, वाईट बाजू. आग्नेयेकडनं दक्षिणेला, नैऋत्येला सरकला तर तुम्ही खाली आहात, ठीक आहे. पण वारा सांगेपर्यंत उशीर झालेला असतो, त्यामुळं जपानी हवामान खात्याचे फॅक्स नकाशे रोज लोच्या ट्रॅकसकट प्लॉट करा, आणि खाली उतरायचं असेल तर १७० पूर्वेच्या आधी ठरवा.

त्याहून बरं म्हणजे निघतानाच कंपोझिट लावा. ३५ उत्तरहून असं ग्रेट सर्कल धरा ज्याचा व्हर्टेक्स ४२ वर येतो, सुरुवातीचा कोर्स ०६५. साधारण १७९ पूर्वेला ४२ वर पोचता, तिथनं अक्षांश धरून सरळ पूर्वेला १५३ पश्चिमेपर्यंत, मग दुसऱ्या ग्रेट सर्कलनं खाली. एकूण ४५०२ मैल. ४५ ची मर्यादा ठेवली तर ४४५९, म्हणजे पूर्ण ग्रेट सर्कलपेक्षा फक्त १५ मैल जास्त! हे मी स्वतः परत परत काढून बघितलं, कारण खरंच वाटत नव्हतं. व्हर्टेक्सच्या आसपास कमान एवढी सपाट असते की वरचे तीन अंश कापले तर जवळपास काहीच जात नाही. क्लासमधे ह्याला दहा मार्कांचं गणित म्हणून पुढं सरकले, आणि सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

४२ म्हणजे गॅरंटी नाही, लो त्याच्याही खालनं जाऊ शकतो. तसं झालं तर अजून खाली उतरा, इगो ठेवू नका. उन्हाळ्यात पूर्ण ग्रेट सर्कल चालतं, फक्त वर धुकं असतं, रडारवर डोळा ठेवा.

१५० पश्चिमेनंतर समुद्र बरा झाला, डॉल्फिन वगैरे दिसले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

ईसीडीआयएसवर प्रत्येक लेगला RL किंवा GC असं निवडायचं असतं. रूट सेव्ह केला की एकूण अंतर बघा. वरचेच दोन बिंदू घेऊन ४६८० च्या आसपास आलं तर सगळं RL वर राहिलंय, ४४४४ च्या आसपास आलं तर GC. कंपोझिट टाकताना ४२ वरचा मधला लेग RL च पाहिजे, तो GC राहिला तर तोच परत वर फुगतो आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ते गेलं. जीपीएसमधेही तेच, पुढचा वेपॉइंट लांब असेल आणि बेअरिंग तुमच्या प्लॅनशी जुळत नसेल तर आधी हे सेटिंग तपासा, मग जीपीएसला शिव्या द्या.

आणि मार्मागोव्याहून मोंबासाला चालला असाल तर ह्यातलं काही करू नका. विषुववृत्ताजवळ, त्यात तिरका कोर्स, दोन्ही वाटांत मैल-दोन मैलांचासुद्धा फरक पडत नाही. एक ऱ्हम्ब लाइन मारा आणि जेवायला जा.