साखरेच्या पोत्याचे पैसे

आपल्या मॅनेजमेंट कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि पहिल्यांदा आठवली ती सरांची तांबडी शाई. बाकी हॉस्टेल, मेस, कॅम्पस इंटरव्ह्यू यांवर इतर लिहितीलच.

२००९ साली सरांनी आम्हाला अभ्यासाला 'सुभिक्षा'ची केस दिली. १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झालेली स्वस्त किराणा-औषधांची ही साखळी २००८ पर्यंत देशभरात सुमारे सोळाशे दुकानांवर गेली आणि २००९ च्या सुरुवातीला रोख संपून ठप्प झाली. आमच्या गटाने फाइव्ह फोर्सेस, व्हॅल्यू चेन, स्वॉट या विश्लेषणाच्या सगळ्या चौकटी लावल्या. 'पुरवठादाराला झटपट पैसे, म्हणून जास्त सूट' हा मुद्दा आम्ही मोठ्या ऐटीत बलस्थानांत टाकला होता. सरांनी त्याला गोल केला आणि विचारलं, "हे पैसे येतात कुठून?"

मग फळ्यावर एकच दुकान घेतलं. आकडे आमच्याच गृहीतकांतले. रोज चाळीस हजारांचा माल खपतो, साठा वीस दिवसांचा, म्हणजे आठ लाख. पुरवठादार पाच दिवस थांबतो, म्हणजे दोन लाख त्याचे. उरलेले सहा लाख आपले, कायमचे अडकलेले. हजार नवी दुकानं म्हणजे साठ कोटी, आणि यात भाडं, डिपॉझिट, फर्निचर धरलेलंच नाही. ते कर्जातून आणलं तर व्याज दर महिन्याला, नफा मात्र दुकान रुळल्यावर. फाइव्ह फोर्सेसने धंद्यातली स्पर्धा सांगितली, पण पैसे किती दिवस पुरतील हे त्यात कुठेच नव्हतं.

आमची शिफारस एकच होती: तमिळनाडूबाहेरची दुकानं बंद करा, तिथला माल आणून घरची दुकानं भरा. अर्धवट भरलेल्या सोळाशेंपेक्षा गच्च भरलेली दोनशे बरी. नवं भांडवल आणून सगळी चालू ठेवा म्हणणाऱ्या गटाशी मी तासभर भांडलो. रॅक रिकामे असताना येणारा पैसा आधी थकलेल्या भाड्यातच जिरणार, हा माझा मुद्दा सरांनी मान्य केला. पुढे म्हणाले, "बंद दुकानात उरतं काय? साखर, तेल, तूरडाळ आधीच संपलेली. लोणची आणि फिनेल नेऊन दोनशे दुकानं भरणार? आणि माल बँकेकडे तारण असेल तर हलवायची परवानगी कुठंय, बाळा?"

मी गप्प. बाकावरचा शेंगदाण्याचा पुडा सरांनी माझ्यापुढे सरकवला.

आज मी बँकेत व्यापारी कर्जं पाहतो. दुकानाच्या भेटीला गेलो की ताळेबंदाआधी रॅक बघतो. रोज खपणारा माल दिसेनासा झाला आणि पडून राहणाराच समोर मांडलेला असला की समजतो, पुरवठादाराने उधारी बंद केली आहे. आता आपल्याकडे केसची उत्तरं बारा स्लाइडमध्ये देतात म्हणे, तांबड्या शाईला जागाच नाही.

दहापैकी साडेसहा मिळाले होते. वाढवून मागायला गेलो तेव्हा सर म्हणाले, "बँकेचं पत्र जोड, सात करतो."