दूध संघाच्या हेल्पलाइनचं स्वागत: एकोणतीस शब्दांआधी काम सुरू व्हायला हवं

तालुक्याच्या एका दूध संघाची पशुवैद्यकीय हेल्पलाइन आहे. तिच्या सुरुवातीला वाजणारा संदेश नव्याने लिहून, रेकॉर्ड करून चालू करण्याचं काम मी केलं. जुना संदेश असा सुरू व्हायचा:

«नमस्कार, दूध संघाच्या पशुवैद्यकीय सेवा हेल्पलाइनमध्ये आपले सहर्ष स्वागत आहे. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. सेवेच्या गुणवत्तावाढीसाठी हा कॉल ध्वनिमुद्रित केला जाऊ शकतो. कृपया खालील पर्याय काळजीपूर्वक ऐका.»

हे एकोणतीस शब्द झाले आणि शेतकऱ्याच्या कामाचं अजून काहीच आलेलं नाही. घड्याळ लावून ऐकलं तर पंधराएक सेकंद जातात. पुढे सहा पर्याय. शिवाय ‘खालील’ म्हणजे कशाच्या खाली? कानाला खाली-वर काही नसतं. हा शब्द कागदावरच्या परिपत्रकातून आलेला आहे, आणि संदेश यंत्रासारखा वाटण्याचं निम्मं कारण तिथंच आहे: तो बोलण्यासाठी लिहिलेलाच नाही.

मी सुरुवात संदेशापासून केली नाही. फोन घेणाऱ्या ताईंची नोंदवही घेऊन बसलो आणि लोक पहिल्या वाक्यात काय म्हणतात तेवढंच उतरवून घेतलं. «गाय अडलीय», «म्हैस फुगलीय», «व्यायल्यापासून उठंना», «गाय भरवायचीय». ‘तातडीचा उपचार’ किंवा ‘कृत्रिम रेतन’ असं एकही जण म्हणत नव्हता. जुन्या संदेशातली खरी चूक इथं सापडली. ‘तातडीच्या उपचारासाठी 1 दाबा’ म्हटलं की दूध कमी झालेल्या गाईचा मालकही 1 दाबतो, कारण त्याच्या दृष्टीने तेही तातडीचंच असतं. मग पोटफुगीचं जनावर, जे काही तासांत दगावू शकतं, त्याच रांगेत मागे राहतं. म्हणून पर्यायात सेवेचं नाव न घालता डोळ्यांना दिसणारं लक्षण घातलं.

दुसरा पर्याय माजाचा ठेवला, कारण त्यालाही वेळ बांधलेली असते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. फोन रेंगाळला की ती पाळी हातची जाऊन पुढच्या माजापर्यंत तीन आठवडे थांबावं लागतं. लस, खाद्य, विमा हे सगळं थांबू शकतं, म्हणून त्यांना आकडे दिलेच नाहीत. शेवटी ठरलेला मजकूर हा:

«नमस्कार, दूध संघाचा दवाखाना. जनावर अडलंय, फुगलंय किंवा उठत नाही? एक दाबा. गाय-म्हैस भरवायची आहे? दोन दाबा. बाकी कशासाठीही लाइनवर थांबा, आम्ही बोलतो.»

सगळे मिळून तेवीस शब्द, विरामांसह बारा सेकंदांच्या आत बसतात. ‘नमस्कार’ मात्र काढला नाही. ऐकणाऱ्याचा कान त्या आवाजाला सरावायला एक शब्द लागतोच, आणि तो शब्द माहितीचा नसला तर बरं. बोलणं रेकॉर्ड होतं हे सांगणं गाळलेलं नाही, फक्त जागा बदलली. आकडा दाबल्यावर किंवा थांबल्यावर, माणूस फोन उचलण्याआधी, «बोलणं रेकॉर्ड होतं» इतकंच वाजतं.

मजकूर लिहिताना शुद्धलेखन बाजूला ठेवावं लागतं. ‘अडले आहे’ असं लिहून दिलं की वाचणारा ‘अडले’ असंच म्हणतो, आणि तिथंच बातम्यांचा सूर लागतो. ‘अडलंय’ लिहिलं की सूर आपोआप गोठ्यात उतरतो. ‘आपण’च्या जागी ‘तुम्ही’ पुरेसं आहे, आणि ‘दाबा’मध्ये आदर आधीच असल्यामुळे ‘कृपया’ची गरज उरत नाही. आणखी एक गोष्ट: आधी काम, मग आकडा. ‘एक दाबा, जनावर अडलं असेल तर’ असं लिहिलं की काम कानावर पडेपर्यंत आकडा विसरलेला असतो.

आकडे दोनच ठेवण्याला फोनच्या आवाजाचंही कारण आहे. साध्या फोनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो. ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. त्यामुळे ‘सात’ आणि ‘आठ’, ‘सहा’ आणि ‘दहा’ खराब लाइनवर एकमेकांत मिसळतात. एक आणि दोन यांची गल्लत होत नाही.

आवाज फोन घेणाऱ्या ताईंचाच घेतला. पुढे फोनवर तोच आवाज भेटतो, त्यामुळे मध्ये सांधा जाणवत नाही. रेकॉर्डिंगचे पहिले तीन प्रयत्न वाया गेले, कारण त्या कागद धरून वाचत होत्या. मग कागद काढून घेतला आणि समोरच्या खुर्चीवरच्या माणसाला खरोखर विचारायला सांगितलं: «जनावर अडलंय?» प्रश्नाचा चढ तेव्हा आला. संदेश एका दमात, सलग घ्यायचा. वाक्यं वेगवेगळी घेऊन जोडली तर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी आवाज सारखाच खाली पडतो, आणि यंत्र बोलतंय असं वाटतं ते याच उतारामुळे. उद्या एक पर्याय बदलला तरी अख्खा संदेश पुन्हा बोलायचा, तुकडा चिकटवायचा नाही.

आमची यंत्रणा ॲस्टेरिस्क या टेलिफोन सॉफ्टवेअरवर आहे. फाइल आठ हजार हर्ट्‌झ, एकच चॅनल, सोळा बिट अशी करून घेतली:

```
sox mul.wav -r 8000 -c 1 -b 16 swagat.wav
```

आणि डायलप्लॅनमध्ये:

```
exten => s,1,Answer()
 same => n,Wait(1)
 same => n,Background(swagat)
 same => n,WaitExten(6)
exten => 1,1,Goto(tatdi,s,1)
exten => 2,1,Goto(maaj,s,1)
exten => t,1,Goto(karyalay,s,1)
exten => i,1,Goto(karyalay,s,1)
```

`Wait(1)` नसेल तर फोन जोडला जाताना पहिलं अक्षर कापलं जातं आणि ‘मस्कार’ ऐकू येतो. `Background`च्या जागी `Playback` टाकलं तर संदेश चालू असताना दाबलेल्या आकड्यानं पर्याय निवडला जात नाही. ज्याला संदेश पाठ आहे त्यालाही मग पूर्ण ऐकावा लागतो. सहा सेकंद ठेवले कारण स्मार्टफोन कानाला लागला की पडदा काळा होतो. फोन खाली घ्यायचा, आकड्यांचा पट्टा उघडायचा, आणि हात शेणाचा किंवा दुधाचा असतो. चार सेकंद ठेवले होते तेव्हा बरेच 1 नंबरचे फोन कार्यालयात जाऊन पडत होते. `t` म्हणजे काहीच न दाबणारा, `i` म्हणजे भलताच आकडा दाबणारा. दोघांनाही माणूसच भेटतो, ‘चुकीचा पर्याय’ असं कुणी ऐकत नाही.

तपासणी हेडफोनवर करून उपयोग नाही. साध्या बटणांच्या फोनवर, कडबाकुट्टी चालू असताना ऐकलं तेव्हा ‘फुगलंय’ निसटत होतं, कारण ताई ‘अडलंय फुगलंय’ एका झटक्यात बोलत होत्या. मध्ये अर्ध्या सेकंदाचा विराम टाकून पुन्हा रेकॉर्ड केलं.

त्यानंतर आठवडाभर ताईंनी वहीत एक वेगळा रकाना ठेवला: कार्यालयात आलेल्या फोनपैकी किती खरे तातडीचे निघाले. त्यात ‘अंग बाहेर आलंय’ असे फोन दिसले. व्यायल्यावर मायांग बाहेर येणं हे ‘अडलंय’मध्ये धरायचं की नाही हे लोकांना कळत नव्हतं. म्हणून पहिल्या पर्यायात ‘उठत नाही’च्या आधी ‘अंग बाहेर आलंय’ हे तीन शब्द घातले, आणि संदेश सव्वीस शब्दांचा झाला.